विड्यांच्या कवितेनंतर काय बोलायचे? सोलापुरातील एका कवी संमेलनाच्या सूत्रसंचालनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरातील एका वाचनालयाने २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या संध्याकाळी, निमंत्रितांचे कवी संमेलन ठेवले होते. तेरा कवी आणि अध्यक्ष. सभागृह सहा ते नऊ मिळाले होते आणि नऊला दिवे बंद होणार हे व्यवस्थापकांनी दोनदा बजावले होते. सूत्रसंचालन माझ्याकडे होते. त्याआधी मी शाळा-महाविद्यालयांचे आणि सत्काराचे कार्यक्रम बरेच केले होते, पूर्ण लांबीचे कवी संमेलन मात्र दुसरेच. वाचनालयाचे आणि कवींचे नाव मी इथे देत नाही. ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

श्रोते साधारण दीडशे. सोलापूरचा श्रोता समजून घेतल्याशिवाय इथे निवेदन लिहिता येत नाही. समोर मराठी घरातले लोक असतात, घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली असतात, कन्नड बोलणारे असतात, दखनी बोलणारेही असतात. सगळ्यांना मराठी कळते, पण जड संस्कृतप्रचुर निवेदन सुरू झाले की निम्मे सभागृह मोबाईल काढते. आणि कवीच्या आडनावाचा उच्चार चुकला तर त्याच रांगेत बसलेले चार जण एकमेकांकडे पाहतात.

दहा दिवस आधी मी प्रत्येक कवीला फोन केला. परिचय लिहून पाठवा असे म्हटले की लोक छापील परिचयपत्र पाठवतात. म्हणून तीनच गोष्टी विचारल्या: नाव आणि आडनाव तुम्ही स्वतः कसे उच्चारता, कोणत्या दोन कविता वाचणार, आणि पुरस्कार सोडून तुमच्याबद्दल काय सांगू. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण आधी गप्प झाले. मग जे बोलले, तेच पुढे कामाला आले.

प्रत्येक कवीसाठी मी एक जाड कार्ड केले. वरच्या बाजूला परिचय, खाली त्या कवीनंतर बोलायच्या दोन ओळी. क्रम लावून कार्डांना कोपऱ्यात भोक पाडले आणि दोऱ्यात ओवली. हा दोरा पुढे महत्त्वाचा ठरला.

परिचय कसे लिहिले

मंगळवेढ्याच्या एका ज्येष्ठ कवींनी तरीही परिचयपत्र पाठवले, ते दीड पानांचे होते. जन्म, शिक्षण, चार संग्रह, अकरा पुरस्कार, तीन संमेलनांतला सहभाग. हे सगळे वाचायला घड्याळ लावून तीन मिनिटे लागली, आणि वाचून झाल्यावर मला स्वतःला त्यातला एकही पुरस्कार आठवेना. फोनवर मात्र ते म्हणाले होते, "मी शेतकरी आहे हो, मंगळवेढ्याची ज्वारी करतो. अभंग सुचतात ते रानातच." मग कार्डावर हे लिहिले:

"गेली तीस वर्षे हे ज्वारी पेरतात आणि अभंगाच्या छंदात लिहितात. आज वाचणार आहेत ती पहिली कविता हुरड्याच्या आगटीशेजारी बसून सुचली, असे ते सांगतात. मंगळवेढ्याहून आलेले…" आणि मग नाव.

नाव शेवटी. ही गोष्ट छोटी वाटते, पण सभागृहात तिचा फरक लगेच कळतो. नाव आधी घेऊन मग माहिती सांगितली की कवी अर्धवट उठतो, माहिती संपेपर्यंत खुर्ची आणि माईक यांच्यामध्ये अवघडून उभा राहतो, आणि टाळी कशावर द्यायची हे श्रोत्यांना कळत नाही. नाव शेवटी आले की टाळी नावावर पडते आणि कवी त्या टाळीत चालत माईकपर्यंत येतो.

"सुप्रसिद्ध", "ज्यांची ओळख करून देण्याची गरज नाही असे" हे शब्द मी काढून टाकले. तेरांपैकी चौघांना सुप्रसिद्ध म्हटले की उरलेले नऊ जण आपोआप खाली बसतात. आणि कवितेचा अर्थ परिचयात सांगायचा नाही, हा नियम सगळ्यात कडक पाळला. "आईच्या कष्टांची हृदयद्रावक कविता ऐकू या" असे म्हटले की श्रोता हृदय द्रवण्याची वाट पाहत बसतो, आणि ते द्रवत नाही.

सुरुवातीचे निवेदनही असेच कापावे लागले. शाहीर राम जोशी सोलापूरचे, कवी कुंजविहारी सोलापूरचे, दत्ता हलसगीकर सोलापूरचे. या नावांवर माझा जीव आहे आणि पहिल्या खर्ड्यात मी त्यांच्यावर चार मिनिटे बोलले होते. मोठ्याने वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की मंचावर बसलेल्या कवींच्या वाट्याची ही चार मिनिटे आहेत. तिन्ही नावे एका वाक्यात घेतली आणि पुढे सरकले. "सूत्र म्हणजे धागा आणि हे तर विणकरांचे शहर" ही कोटी इथल्या प्रत्येक मंचावर झालेली आहे, ती तर घेतलीच नाही.

जोडओळींसाठी दुसऱ्या कुणाचा शेर किंवा चारोळी घ्यायची नाही, हेही आधीच ठरवले होते. मोबाईलवर फिरणाऱ्या ओळींखाली कुणाचेही नाव लिहिलेले असते, त्यामुळे चुकीच्या माणसाला श्रेय देण्याचा धोका असतोच. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. एखादा गाजलेला शेर सूत्रसंचालकाने म्हटला की त्याला दणदणीत टाळी मिळते आणि त्यानंतर येणाऱ्या नवख्या कवीला त्या टाळीशी स्पर्धा करावी लागते. ही स्पर्धा त्याच्यावर लादण्याचा मला अधिकार नव्हता.

अडचण

पहिली अडचण वेळेची, आणि ती अपेक्षितच होती. कागदावर हिशेब असा होता: एकूण १८० मिनिटे. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक आणि सत्कार २५, अध्यक्षांचे मनोगत आणि कविता २०, आभार ५. उरली १३०. तेरा कवींना प्रत्येकी दहा मिनिटे, त्यात कवीची आठ आणि माझी दोन.

पाहुणे आले, ध्वनिव्यवस्था लागली, तोवर ६.३५ झाले. पस्तीस मिनिटे गेली.

दुसरी अडचण साधीच वाटली होती. मंचावर जाण्याच्या पाच मिनिटे आधी मंगळवेढ्याचे कवी हळूच म्हणाले, "ताई, कार्यक्रम उशिरा सुरू होतोय. मला शेवटची एसटी गाठायची आहे. जरा लवकर घेता येईल का?" त्यांचा क्रमांक सातवा होता. मी लगेच हो म्हटले, दोरा सोडला, त्यांचे कार्ड काढून तिसऱ्या जागी ओवले आणि दोरा बांधला.

कार्ड कुठे ठेवायचे ते मी पाहिले. ते काढल्यावर तिथे काय फट पडली ते पाहिले नाही.

मूळ क्रमात सहाव्या जागी एक विडी कामगार स्त्री होत्या. मंचावर आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणत होतो. आठव्या जागी शहरातले एक लाडके हास्यकवी होते. या दोघांच्या मध्ये मी मुद्दाम मंगळवेढ्याचा अभंग ठेवला होता, कारण अभंगाची लय शांत असते आणि जड कवितेनंतर श्रोत्याला श्वास घ्यायला जागा मिळते. आता ती जागाच उरली नव्हती. अक्कांनंतर थेट हास्यकवी.

हे माझ्या लक्षात आले तेव्हा अक्का माईकसमोर उभ्या होत्या आणि त्यांची पहिली कविता सुरू झाली होती.

कोणते पर्याय होते

वेळेच्या बाबतीत समितीत चार मते होती. प्रत्येकाला एकच कविता द्यावी, हे एक. सभागृहाची वेळ वाढवून मागावी, हे दुसरे. व्यवस्थापकांनी मान हलवून नकार दिला. निवेदन पूर्ण काढून टाकावे आणि नुसती नावे पुकारावीत, हे तिसरे. माझे मत होते की उद्घाटनाचा भाग कापावा. दूरवरून आलेल्या माणसाला एका कवितेवर परत पाठवणे बरे नाही, आणि नुसती नावे पुकारली की संमेलनाची हजेरी होते.

सत्कारात किती वेळ जातो हे समितीला पटत नव्हते. प्रत्येक कवीला त्याच्या वाचनाआधी सोलापुरी चादर आणि पुस्तक द्यायचे ठरले होते. नाव घेणे, देणाऱ्या पाहुण्याने उठणे, चादर उलगडणे, फोटोसाठी थांबणे. एकाला चाळीस सेकंद धरले तरी तेरा जणांची जवळजवळ नऊ मिनिटे होतात. सगळ्यांचा सत्कार सुरुवातीलाच, बसल्या जागी, एकामागोमाग करायचा आणि फोटो शेवटी एकत्र काढायचा, यावर एकमत झाले. प्रास्ताविक पाच मिनिटांवर आले. उद्घाटनाचा सगळा भाग पंधरा मिनिटांत बसला आणि ६.५० ला पहिला कवी उभा राहिला. आता प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटे होती. मी कार्डावर लिहिले: कवीला साडेसहा, मला दीड.

खरा पेच होता अक्का आणि हास्यकवी यांच्यामधला. तिथे विचाराला चार-पाच मिनिटेच होती.

क्रम बदलून नवव्या क्रमांकाच्या गझलकार बाईंना आधी बोलावता आले असते. पण त्या त्या क्षणी वहीत खुणा करत होत्या, आणि हास्यकवींना सगळ्यांदेखत मागे सारल्यासारखे झाले असते. पत्रिकेत क्रम छापलेला होता.

मी स्वतः दोन-तीन मिनिटे बोलून वातावरण बदलू शकले असते. वेळ नव्हता, आणि असे बोलणे जवळजवळ नेहमी रडके होते. "डोळे पाणावले, शब्द सुचत नाहीत" असे म्हणत सूत्रसंचालक पुढची दोन मिनिटे शब्दच वापरत राहतो.

तिसरा पर्याय कार्डावर तयार होता. प्रत्येक कार्डाखालच्या दोन ओळींपैकी दुसरी कुठेही चालेल अशी, अडीअडचणीसाठी होती. अक्कांच्या कार्डावर मी लिहिले होते: "कष्टाची ही कविता मनात ठेवून आता वातावरण थोडे हलके करू या." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंचावर ऐकू येते. त्या दिवशी ते माझ्याच अक्षरात समोर होते आणि पहिल्यांदा मला त्यातले चुकीचे काय ते दिसले. "हलके करू या" म्हणजे आधीची कविता ओझे होती, ते आता उतरवू. कवयित्री अजून खुर्चीपर्यंत पोहोचलेली नसते आणि तिच्या कवितेला आपण ओझे म्हणतो. शिवाय पुढच्या कवीवर हलके करण्याची जबाबदारी टाकतो.

चौथा पर्याय: बोलणे कमी करायचे आणि बदल पुढच्या कवीकडूनच मागायचा. फोनवर हास्यकवी म्हणाले होते की ते लहानपणी यंत्रमागाच्या खोलीतच वाढले आणि त्यावर त्यांची एक कविता आहे, पण ती ते मंचावर वाचत नाहीत. कार्डाच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात "माग?" असे लिहून ठेवले होते.

काय केले

मी खुर्च्यांच्या मागून वाकून हास्यकवींपर्यंत गेले.

"पहिली कोणती वाचताय, काका?"

"सासुरवाडीची. का?"

"फोनवर मागाची एक म्हणाला होता ना. ती आहे वहीत?"

"आहे की. पण ती कुणाला माहीत नाही. टाळी येणार नाही तिला."

"अक्कांची दुसरी कविता ऐका आणि मग ठरवा."

अक्कांची दुसरी कविता "चाळीस". एक मुलगी आईच्या शेजारी बसून विड्यांची बंडले मोजते. पंचवीस विड्यांचे एक बंडल, चाळीस बंडलांचे हजार. पंचविसाचा पाढा ती शाळेत जायच्या आधीच शिकते. आईच्या मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने आणि तंबाखू. हजार विड्या भरल्या तरी आई थांबत नाही. कारखान्यात तपासताना काही विड्या बाद करतात, म्हणून ती रोज वरच्या चाळीस वळते. कधी बाद होतात, कधी होत नाहीत, पण मजुरी हजाराचीच मिळते. कवितेच्या शेवटी मुलगी विचारते, या वरच्या चाळीस कुणाच्या?

अक्कांनी शेवटची ओळ एकदाच वाचली, वही मिटली आणि त्या वळल्या. टाळ्या आल्या नाहीत. पुढच्या दोन रांगांत बसलेल्या बायकांपैकी कितीजणींनी विड्या वळल्या असतील, ते मला माहीत नाही. पण त्यातल्या एकीने पदर तोंडाला लावलेला मला दिसला.

माझा हात माईककडे गेला होता. तो मी मागे घेतला. मनात दहा मोजले. सूत्रसंचालकाला दहा सेकंदांची शांतता फार लांब वाटते आणि आपण काहीतरी चुकवतो आहोत असे वाटत राहते. सभागृहाला ती तशी वाटत नाही, कारण सभागृह अजून कवितेतच असते. सातव्या-आठव्या सेकंदाला मागून एक टाळी आली आणि मग सगळ्या आल्या. "जोरदार टाळ्या" असे म्हणून त्या मी आधीच मागितल्या असत्या, तर त्या माझ्या सांगण्यावरून आलेल्या असत्या.

टाळ्या पूर्ण विरल्यावर मी बोलले:

"वरच्या चाळीस कुणाच्या? हा प्रश्न इथेच राहू द्या. पुढचे कवी तुम्हाला हसवतात, हे सोलापूरला माहीत आहे. त्यांचे बालपण मागाच्या खोलीत गेले आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. आज ते आधी आपल्याला तिथे नेणार आहेत." आणि नाव.

हे बोलताना त्यांनी वहीत कोणते पान उघडले होते ते मला दिसत नव्हते. "नेणार आहेत" असे मी त्यांच्या होकाराशिवाय म्हटले. ते माईकपर्यंत आले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि मागाची कविता काढली.

ती कविता अशी: मागाच्या खटखटाटात बोलायचे म्हणून गल्लीतला प्रत्येक माणूस ओरडूनच बोलतो. एका दुपारी वीज जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि त्या शांततेत बापाचा आवाज तेवढ्याच जोरात राहतो. घरातले उसने, घरातले भांडण, मुलीच्या लग्नाची काळजी, सगळे गल्लीभर ऐकू जाते. पहिल्या कडव्यात सभागृह गप्प होते. बापाचा आवाज गल्लीत गेला तिथे एकजण हसला, मग चारजण, आणि शेवटी सगळेच हसले. हसू त्या कवितेतूनच आले. त्यानंतर त्यांनी सासुरवाडीची वाचली आणि तिला नेहमीची दाद मिळाली.

पुढचा प्रसंग मात्र माझ्या हातून बिघडला. अकराव्या क्रमांकावर एक ज्येष्ठ कवी होते. सगळ्यांना मी फोनवरच सांगितले होते की वेळ संपत आली की मी खुर्चीतून उठून उभी राहीन, तीच खूण समजावी. चिठ्ठी सरकवणे कवीला अपमानाचे वाटते आणि माईकपाशी जाऊन उभे राहणे श्रोत्यांना दिसते; उभे राहणे फक्त ज्याला कळायचे त्याला कळते. दहा कवींनी ही खूण पाळली. अकराव्यांच्या वेळी मी उठलेच नाही. त्यांच्या वयाकडे पाहून मला धाडस झाले नाही. "आणखी एक छोटीशी" म्हणत त्यांनी चार कविता वाचल्या आणि साडेसहाऐवजी चौदा मिनिटे घेतली.

त्यांच्यानंतर बावीस वर्षांची एक मुलगी होती. तिला तिथे मीच ठेवले होते. सगळे तरुण आधी आणि सगळे ज्येष्ठ शेवटी अशा चढत्या क्रमात शेवटचा अर्धा तास संथ होतो, म्हणून दोन ज्येष्ठांच्या मध्ये एक तरुण आवाज हवा होता. ती माईकपाशी आली तेव्हा मी तिच्या कानात म्हटले, "बाळ, एकच वाच." तिने मान डोलावली, वहीतले एक पान मागे उलटले आणि तीन मिनिटांत खाली बसली.

समारोपाचा वाद कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच झाला होता. रूढ पद्धतीत अध्यक्ष बोलतात, कविता वाचतात, मग आभार. मला आभार अध्यक्षांच्या आधी हवे होते. अध्यक्षांच्या कवितेनंतर मंडपवाले, ध्वनिव्यवस्था, चहावाले अशी यादी आली की लोक "ध्वनिव्यवस्था" शब्दापाशी उठतात आणि कविता खुर्च्यांच्या आवाजात संपते. समितीतल्या एका काकांना हा अध्यक्षांचा अवमान वाटत होता. "आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला, मग अध्यक्ष कुणासमोर बोलणार?" हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही थेट अध्यक्षांनाच फोन केला. ते म्हणाले, "आधीच आवरा आभार. माझ्या कवितेनंतर कुणी बोललं नाही तर मला बरंच वाटेल." काकांच्या शंकेवर उपाय म्हणून आभाराच्या सुरुवातीलाच एक वाक्य घातले: "अध्यक्षांच्या कविता अजून ऐकायच्या आहेत; त्याआधी दोन मिनिटे." पसायदानाने शेवट करावा असेही एक मत होते. मलाही तो शेवट सगळ्यांत प्रिय आहे, पण त्याला सूर लागतो, आणि गाणाऱ्या बाई त्या दिवशी परगावी होत्या.

अध्यक्षांनी उशीर पाहून मनोगत स्वतःच आखडते घेतले. शेवटची कविता गावच्या जुन्या विहिरीवरची होती. ती वाचणार हे त्यांनी फोनवर सांगितले होते. त्यानंतरचे माझे बोलणे एवढेच होते:

"आज इथे हुरड्याची आगटी पेटली. माग बंद पडल्यावर एका बापाचा आवाज गल्लीभर गेला. चाळीस विड्यांचा हिशेब अजून बाकी आहे. आणि ही विहीर आपल्यापैकी अनेकांच्या गावात आहे. तिच्या काठावरच आज थांबू या. शुभ रात्री."

तेरा कवींच्या तेरा प्रतिमा घ्यायचा मोह होता. तेरा घेतल्या की ती पुन्हा यादीच होते. मग चारच घेतल्या, आणि त्या वाचन चालू असतानाच कार्डाच्या मागे टिपून ठेवल्या होत्या. घरी बसून लिहिलेला समारोप मी आणला होता, तो पर्समध्येच राहिला. ८.५८ ला कार्यक्रम संपला.

परिणाम

सभागृह शेवटपर्यंत भरलेले राहिले आणि अध्यक्षांच्या कवितेच्या वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. समितीने पुढच्या वर्षीही आभार आधीच घ्यायचे ठरवले आहे, आणि ज्या काकांनी विरोध केला होता त्यांनीच ते सुचवले. उच्चाराची चूक झाली नाही. बाहेर निघताना एक तेलुगू भाषक गृहस्थ थांबले आणि त्यांनी आडनाव बरोबर घेतल्याचे आवर्जून सांगितले.

हास्यकवींनी मात्र दुसऱ्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितले, "मागाची वाचली ते चांगलं झालं. पण सासुरवाडीचा हशा नेहमीएवढा आला नाही, आणि तुम्ही मला विचारल्यासारखं केलंत, पण माईकवर जाहीर करून टाकलंत." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी क्षमा मागितली. ती कविता आता ते इतर ठिकाणीही वाचतात असे नंतर त्यांच्याच एका मित्राकडून कळले.

अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मुलाचा निरोप आला की आईला सत्कारातल्या चादरीपेक्षा ती शांतता जास्त आठवते.

वेगळे काय करता आले असते

कार्ड हलवणे चूक नव्हते. माणसाला एसटी गाठायची होती. पण कार्ड हलवले की दोन जागा बदलतात, जिथे ते जाते ती आणि जिथून निघते ती. आता मी प्रत्येक कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात कवितांची जात एका शब्दात लिहिते: जड, शांत, गेय, हसरी. ऐनवेळी क्रम बदलला तर दोरा बांधण्याआधी नुसते कोपरे वाचत जायचे. दोन जड शेजारी आल्या किंवा जडाला हसरी लागली तर ते लगेच दिसते. त्या संध्याकाळी हे वीस सेकंदांचे काम होते.

कार्डावरची अडीअडचणीची दुसरी ओळ मी आता लिहीतच नाही. कुठेही चालेल अशी ओळ कुठेच नीट चालत नाही. तिच्याऐवजी त्या कवीच्या कवितेतली एक वस्तू लिहिते: सूप, आगटी, विहीर. वस्तू हाताशी असली की वाक्य मंचावर सुचते. आधीची कविता खरोखर ऐकली असेल तरच ते जमते, आणि वाचन चालू असताना पुढचा परिचय पाठ करत बसण्याची सवयही त्यामुळे सुटते.

हास्यकवींच्या बाबतीत मी "आज ते आधी आपल्याला तिथे नेणार आहेत" हे वाक्य टाळायला हवे होते. "त्यांचे बालपण मागाच्या खोलीत गेले आहे" इथे थांबले असते तरी वाट मोकळी झाली असती, आणि कोणती कविता वाचायची हे त्यांच्याच हातात राहिले असते.

ज्येष्ठ कवींच्या वेळी उभे राहणे अवघड होते, आणि पुढच्या वेळीही ते अवघडच असणार. म्हणून ती खूण आता माझ्या एकटीवर ठेवत नाही. अध्यक्षांना आधीच विनंती करते की कुणी फार वेळ घेतला तर दुसऱ्या कवितेनंतर "वा" म्हणून टाळी सुरू करावी. त्यांनी सुरू केलेल्या टाळीत कवीला सन्मानाने थांबता येते. यानंतरच्या एका कार्यक्रमात हे करून पाहिले. एकदा जमले, दुसऱ्यांदा कवींनी टाळी थांबायची वाट पाहिली आणि तिसरी कविता सुरू केली.

ज्यांच्या वेळेत भर पडू शकते अशा कवींनंतर नवोदितांना ठेवायचे नाही, हाही बदल केला आहे. तरुण आवाज शेवटी हवाच असेल तर तो अध्यक्षांच्या अगदी आधी ठेवते आणि त्याच्या मिनिटांचा हिशेब अध्यक्षांच्या वेळेत धरते. त्या बावीस वर्षांच्या मुलीला मी आठवड्याभराने फोन केला. तिने सांगितले की राहिली ती कविता तिच्या आजीवरची होती, आणि आजी त्या दिवशी चौथ्या रांगेत बसली होती.